एका गोळीची भूक

जोयडा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरचा किडकिडीत मुलगा तीन महिन्यांत अंगाने भरला, तर घरच्यांना बरंच वाटतं. त्यातही तो मुलगा आधी रात्र रात्र जागणारा, कोणी आपल्याला मारायला टपलंय म्हणून जेवणाचं ताट ढकलून देणारा असेल, तर आईच्या डोळ्यांत पाणीच येतं. आता तो झोपतो, पोटभर जेवतो, पेज मागून घेतो. गावात सगळे म्हणतात, ‘तब्येत सुधारली हो पोराची.’

खरंच सुधारलेली असते. पण त्याच वेळी, त्याच गोळीमुळे, त्याच्या रक्तात दुसरी एक गोष्ट सुरू झालेली असू शकते आणि ती बाहेरून अगदी सुधारणेसारखीच दिसते. शहरात वजन वाढलं की लोक हळहळतात, निदान लक्ष तरी जातं. जिथे माणसं मुळात बारीक असतात तिथे वाढलेलं वजन ही आनंदाची बातमी असते. म्हणून ही गोष्ट जोयड्यासारख्या ठिकाणी अधिक नीट समजून घेण्यासारखी आहे.

जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपा तालुका. काळी नदीवर धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं, उठलेली कुटुंबं रामनगरला वसली. बाकी तालुका जंगलाचा, त्यात काळी व्याघ्र प्रकल्प. लोकवस्ती सगळी मिळून ५० हजारांच्या घरात आणि तीही विखुरलेली. कुणबी घरांमधून भात, मुडलीसारखे कंद, सुरण आणि कष्टाची कामं. मनोविकारतज्ज्ञाला गाठायचं तर कारवार, धारवाड, बेळगाव किंवा घाट उतरून गोव्यातलं बांबोळी. पावसाळ्यात यातला कुठलाच रस्ता जवळचा वाटत नाही. कर्नाटक सरकारने २०१४ पासून ‘मनोचैतन्य’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात ठरलेल्या मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात. दोन भेटींच्या मधल्या काळात काय करायचं, हा प्रश्न मात्र घरच्यांपुढे उरतोच, आणि सगळे घोटाळे त्या मधल्या काळातच होतात.

एक उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण आकडे असे आहेत की कुठल्याही दवाखान्यात ते रोज दिसावेत. समजा, कुंभारवाड्याच्या बाजूचा २४ वर्षांचा एक मुलगा. उंची १६२ सेंटिमीटर, वजन ४८ किलो, कंबर ७० सेंटिमीटर. कानात आवाज येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असं त्याला ठामपणे वाटतं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान करून ओलान्झापिन सुरू केलं, आधी रात्री ५ मिलीग्रॅम, मग १०. सुरुवातीला उपाशीपोटीची साखर ८८. तीन-चार आठवड्यांत आवाज ओसरले. आणि भूक?

भूक अशी वाढली, की जेवून उठल्यावर तासाभरात पुन्हा चुलीपाशी. या भुकेचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. ते गावच्या औषधांच्या दुकानातच मिळतं. बारीक मुलांना भूक लागावी म्हणून जे सिरप देतात, त्यात बहुतेक वेळा सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मूळचं ॲलर्जीचं औषध. शरीरात हिस्टामिन नावाचं एक रसायन आहे, ज्याच्यामुळे शिंका येतात, अंगावर पित्त उठतं. हेच हिस्टामिन मेंदूतही काम करतं, पण तिथलं त्याचं काम निराळं: ते आपल्याला जागं ठेवतं आणि पोट भरल्यावर ‘आता पुरे’ म्हणतं. सायप्रोहेप्टाडिन हिस्टामिनला ज्या जागी चिकटायचं ती जागाच अडवून बसतं. मग झोप येते आणि ‘पुरे’ म्हणणारं कोणी उरत नाही.

ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही गंभीर मानसिक आजारावरची औषधं नेमकी हीच जागा अडवतात, आणि फार घट्ट अडवतात. आवाज आणि संशय थांबवण्यासाठी त्यांना खरं तर डोपामिनच्या जागांवर बसायचं असतं, पण रेणूचा आकारच असा, की तो हिस्टामिनच्या जागेतही चपखल बसतो. २००३ मध्ये संशोधकांनी अशी बरीच औषधं एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, की कोणत्या औषधाने सर्वांत जास्त वजन वाढतं याचा अंदाज कशावरून बांधता येईल. अनेक जागा तपासल्यावर सर्वांत चांगला अंदाज हिस्टामिनच्या या एकाच जागेवरून आला. चार वर्षांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाला: क्लोझापिन दिल्यावर मेंदूतलं भुकेचं एक विकर चौपट जोमाने कामाला लागलं, आणि ज्या उंदरांमध्ये हिस्टामिनची ती जागा जन्मतःच नव्हती, त्यांच्यात काहीच झालं नाही.

म्हणून ‘जिभेवर ताबा नाही’ हे जे घरात त्या मुलाला सुनावलं जातं, ते अन्यायाचं आहे. त्याच्या मेंदूत पोट भरल्याची वर्दी पोहोचतच नाही. तो खादाड झालेला नाही. त्याला खरोखर भूक लागलेली आहे.

सगळीच औषधं सारखी नाहीत, हेही इथेच सांगायला हवं. १९९९ मध्ये अनेक अभ्यासांची बेरीज मांडून दहा आठवड्यांत सरासरी किती वजन वाढतं ते काढलं गेलं. क्लोझापिन आणि ओलान्झापिन चार किलोंच्या थोडं वर, रिस्पेरिडोन दोन किलोंच्या आसपास, जुनं हॅलोपेरिडॉल एक किलो. ही सरासरी आहे. कोणाचं काहीच वाढत नाही, कोणाचं दहा किलो वाढतं. तरुण, बारीक आणि पहिल्यांदाच गोळी घेणाऱ्या माणसाचं वजन सर्वांत झपाट्याने वाढतं, आणि आपला कुंभारवाड्याचा मुलगा या तिन्हींत बसतो.

आता साखरेकडे वळू. बहुतेकांना वाटतं की आधी वजन वाढतं, मग जाड झाल्यामुळे पुढे कधीतरी मधुमेह होतो. तो रस्ता आहेच. पण दुसराही एक आहे, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारी गोष्ट तीच वाटते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुठलाही आजार नसलेले धडधाकट स्वयंसेवक घेतले, त्यांना रुग्णालयातच ठेवलं आणि नऊ दिवस ओलान्झापिन दिलं. वजन फारसं हलायला वेळच मिळाला नव्हता. तरीही जेवणानंतर त्यांच्या शरीराला पूर्वीपेक्षा बरंच जास्त इन्सुलिन सोडावं लागू लागलं, आणि त्या इन्सुलिनचं ऐकणं स्नायूंनी कमी केलं. म्हणजे वजनाचा काटा जागचा हलायच्या आधीच साखरेचा कारभार बिघडायला लागतो. शिवाय स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर ॲसिटिलकोलिन या रसायनाच्या जागा असतात, त्यांच्या इशाऱ्यावर इन्सुलिन सुटतं. ओलान्झापिन आणि क्लोझापिन त्या जागांवरही बसतात. मागणी वाढलेली आणि पुरवठ्याचा हात धरलेला, असं दोन्ही बाजूंनी होतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा: ‘वजन वाढलेलं नाही, मग साखर कशाला तपासायची?’ हा युक्तिवाद टिकत नाही.

आणि आपल्या शरीरांच्या बाबतीत तर अजिबातच टिकत नाही. इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची आठवण काढायलाच हवी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचा एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबीदार असं हे भारतीय शरीर, आणि ती चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती साठते, जिथे ती साखरेला सर्वांत जास्त त्रास देते. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधली बाळं जन्मतःच अशी असतात, हे याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून दाखवून दिलं.

आता आपल्या मुलाचे आकडे पुन्हा बघा. चौथ्या आठवड्यात वजन ५१ किलो. आठव्यात ५३. बाराव्यात ५४. बीएमआय १८.३ वरून २०.६ वर गेला, म्हणजे तक्त्यात तो ‘कमी वजना’च्या रकान्यातून ‘योग्य वजना’च्या रकान्यात आला. तक्ता बघणारा माणूस खूश होईल. पण मूळ वजनाच्या मानाने वाढ साडेबारा टक्के आहे. डॉक्टर लोक ज्या खुणेवर थांबून विचार करतात ती खूण पाच टक्क्यांची, म्हणजे ४८ किलोच्या माणसाला २.४ किलो. ती खूण चौथ्या आठवड्यातच ओलांडली गेली होती. कंबर ७० वरून ७८ वर गेली. भारतीय पुरुषासाठी धोक्याची रेघ ९० आणि बाईसाठी ८० सेंटिमीटर. मुलगा अजून त्या रेघेच्या आत आहे, पण तीन महिन्यांत ८ सेंटिमीटर ही चाल महत्त्वाची. आणि उपाशीपोटीची साखर ८८ वरून ११२. मधुमेह १२६ पासून पुढे म्हणतात. १०० ते १२५ हा मधला पट्टा, जिथून मागे फिरता येतं.

म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळं उत्तम, आणि वहीतले आकडे ओळीने लावले तर सगळं स्पष्ट. पण आकडे ओळीने लागायला पहिला आकडा हवा. गोळी सुरू होण्याआधीचं वजन, कंबर आणि साखर कोणी लिहूनच ठेवली नसेल, तर ५४ किलो हा नुसता एक आकडा राहतो. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार या दोन्ही क्षेत्रांच्या संघटनांनी २००४ मध्ये एकत्र बसून जे वेळापत्रक ठरवलं, ते थोड्याफार फरकाने आजही सगळीकडे पाळतात: सुरुवातीला सगळं मोजायचं, वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला, मग दर तीन महिन्यांनी, साखर बाराव्या आठवड्याला आणि मग निदान वर्षातून एकदा. धोका जास्त असेल तिथे डॉक्टर साखर त्याआधीही बघतात. वजनकाटा अंगणवाडीत किंवा रेशन दुकानात असतो, आणि कमरेला शिंप्याची टेपही पुरते. फक्त टेप दरवेळी एकाच जागी लावावी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, आणि सदऱ्यावरून नव्हे.

साखरेच्या तपासणीत मात्र एक गंमत वाटावी अशी पण खरी अडचण आहे. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास काहीही न खाता. वाडीवरून पहाटे निघायचं, रस्त्यापर्यंत चालायचं, बस पकडायची, तालुक्याला पोहोचेस्तोवर दहा-अकरा वाजतात. सिस्टर विचारतात, ‘उपाशी आलास ना रे?’ मुलगा म्हणतो, ‘होय सिस्टर.’ आणि तो खोटं बोलत नाही. बसस्टॉपवर घेतलेला चहा आपल्याकडे खाण्यात धरतच नाहीत. दोन चमचे साखरेचा तो चहा अहवालात मात्र दिसतो. त्यामुळे विचारायचं ते असं: ‘सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काय गेलं?’ ज्यांना उपाशी येणं जमतच नाही त्यांच्यासाठी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी आहे, तिला उपाशी राहावं लागत नाही. पण अंगात रक्त कमी असेल तर तिचा आकडा फसवा येतो, आणि गोळी सुरू होऊन दोन-तीन महिने होण्याआधी ती फारशी बोलत नाही, कारण ती मागच्या महिन्यांचा हिशोब सांगते.

आणखी एक फट आहे, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. आशाताई घरोघरी जाऊन साखर-बीपीच्या तपासणीसाठी नावं लिहितात, तो राष्ट्रीय कार्यक्रम तीस वर्षांवरच्यांसाठी आहे. आपला मुलगा २४ वर्षांचा. तो त्या यादीत इतक्यात येणार नाही. घरच्यांनीच सांगावं लागतं, ‘ताई, याची गोळी चालू आहे, याचीही साखर बघा.’ बोटाला टोचून बघायला दोन मिनिटं लागतात.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी प्रत्येक वाडीवर घडते. मामा येतात, मुलाकडे बघतात आणि म्हणतात, ‘गोळ्यांनी अंग सुजलंय याचं. आता बरा आहे ना? मग अर्धी द्या.’ प्रेमापोटीच म्हणतात. गोळी अर्धी केली की त्रास अर्धा होईल, हा हिशोब कोणालाही पटण्यासारखा आहे. पण मेंदूत हा हिशोब चालत नाही, आणि का चालत नाही हे आता डोळ्यांनी बघता येतं.

कॅनडात शितिज कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात गोळी घेणाऱ्या माणसांच्या मेंदूची पेट स्कॅन नावाची तपासणी केली, आणि डोपामिनच्या किती टक्के जागा औषधाने व्यापल्या आहेत ते मोजलं. आवाज आणि संशय आटोक्यात यायला साधारण ६५ टक्के जागा व्यापलेल्या लागतात. ८० टक्क्यांच्या पुढे गेलं की हातपाय कडक होणं, कंप असे त्रास सुरू होतात. मधला पट्टा अरुंद आहे. ओलान्झापिन १० मिलीग्रॅमला सुमारे ७३ टक्के जागा भरतं, ५ ला सुमारे ५५. म्हणजे गोळी अर्धी झाली तेव्हा पकड अर्धी झाली नाही, थोडीच कमी झाली. पण जेवढी कमी झाली तेवढीच रेघेखाली उतरायला पुरेशी होती. आणि हिस्टामिनच्या जागा? त्यांच्यावर ओलान्झापिनची पकड डोपामिनपेक्षा कितीतरी घट्ट आहे. कमी डोसलाही त्या बऱ्याचशा भरलेल्याच राहतात. त्यामुळे मामांच्या अर्ध्या गोळीने आजारावरचं संरक्षण जातं आणि भूक मात्र तशीच राहते. नको ते टिकलं, हवं ते गेलं.

यात आणखी फसवणारी गोष्ट म्हणजे वेळ. अर्धी गोळी केल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. उलट मुलगा सकाळी लवकर उठतो, चेहरा टवटवीत दिसतो. आठवडा जातो, महिना जातो. सगळ्यांची खात्री पटते की गोळीची गरजच नव्हती. मग एखाद्या रात्री झोप तुटते. त्यानंतर तो जेवताना ताटाकडे बघत बसतो, दार आतून लावून घेतो. तेव्हा कोणाला दोन महिन्यांपूर्वीची अर्धी गोळी आठवत नाही. देवाचं काही राहून गेलं का, कोणी काही केलं का, याची चर्चा होते. २०१२ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला: वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण गोळी चालू असलेल्यांमध्ये २७ टक्के, आणि औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांमध्ये ६४ टक्के. आजार उलटला की पुन्हा जास्त डोस लागू शकतो, आणि जास्त डोस म्हणजे पुन्हा तीच साखर.

डोस बदलायला गोळी मोडावीच लागते असंही नाही. बिडीचं उदाहरण घ्या. तंबाखू जळताना धुरात जी डांबरी द्रव्यं तयार होतात, ती यकृतातल्या एका विकराला चेतवतात, आणि तेच विकर ओलान्झापिन आणि क्लोझापिन फोडून टाकतं. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात त्याच गोळीचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी राहतं. डॉक्टरांनी डोस ठरवला तो बिडी धरून. मग काही कारणाने, ताप येऊन रुग्णालयात पडल्यामुळे किंवा घरच्यांनी शपथ घातल्यामुळे, बिडी अचानक सुटली तर काही दिवसांतच तीच गोळी जास्त डोससारखी काम करू लागते: गुंगी, लाळ, आणखी भूक. हे निकोटिनमुळे होत नाही, धुरामुळे होतं; म्हणून तंबाखू चघळणाऱ्यात हा फरक पडत नाही. बिडी सोडणं चांगलंच. पण सोडायच्या आधी ते डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं. डॉक्टर विचारतीलच असं नाही, आपणच सांगावं.

आता डॉक्टर काय करतात ते बघू, कारण ‘गोळी बदलू नका’ एवढंच सांगून भागत नाही. वाढलेलं वजन आणि ११२ ची साखर तशीच ठेवणंही चूक आहे. त्यांच्यासमोर दोन-तीन वाटा असतात. एक वाट मेटफॉर्मिनची. मधुमेहाची ही जुनी, स्वस्त गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते. मानसिक आजाराच्या औषधाबरोबर ती दिली तर वजन सरासरी तीनेक किलोंनी कमी राहतं, आणि जितकी लवकर सुरू तितका फायदा जास्त. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन सुरू करतानाच तिचा विचार करावा, असं आता बरेच तज्ज्ञ सांगतात. तिच्याआधी किडनीची तपासणी करतात, आणि सुरुवातीला पोट बिघडू नये म्हणून थोड्या डोसने, जेवणाबरोबर देतात.

दुसरी वाट औषध बदलण्याची. ॲरिपिप्राझोलसारख्या औषधाने वजन आणि साखर फार कमी हलते. पण बदल करताना एक औषध आठवड्या-आठवड्याने उतरवत दुसरं चढवावं लागतं, त्या काळात माणसाकडे नीट लक्ष ठेवावं लागतं, आणि ज्याला ओलान्झापिननेच बरं वाटलं त्याला दुसऱ्याने वाटेल याची हमी नसते. मुलाला बरं वाटून तीनच महिने झाले असतील, घर दूर असेल, पावसाळा तोंडावर असेल, तर डॉक्टर कदाचित आधी मेटफॉर्मिन निवडतील आणि बदल पुढे ढकलतील. हाच मुलगा कारवारात राहत असता तर निर्णय वेगळा असू शकला असता. डोस ठरवताना ही सगळी माहिती लागते, आणि म्हणूनच तो निर्णय घरी गोळी मोडून होत नाही.

मेटफॉर्मिनबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. घरात आजोबांच्या साखरेच्या गोळ्या असतात, त्यातलीच एक मुलाला द्यावी असं कोणाच्या मनात येईल. आपल्याकडे मिळणाऱ्या साखरेच्या पुष्कळ गोळ्यांत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड मिसळलेलं असतं. ते स्वादुपिंडाला जबरदस्तीने इन्सुलिन सोडायला लावतं. ११२ साखरेच्या माणसाची साखर त्याने इतकी खाली येऊ शकते, की घाम, थरथर आणि मग बेशुद्धी. गोळीचा रंग आणि आकार सारखा दिसला तरी आतला ऐवज वेगळा असतो.

जेवणाचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण इथलं अन्न वाईट नाही. खरा घात चहातल्या साखरेने, बिस्किटांनी आणि बाटलीबंद गोड पेयांनी होतो. औषधाने तोंड कोरडं पडतं, तहान लागते, आणि ती तहान गोड पेयावर भागवली जाते. एवढं एक बदललं तरी महिन्याच्या वजनात फरक दिसतो. भाताऐवजी कंद खाल्ल्याने साखर जाते असं मात्र समजू नये. कंदातही पिष्ट असतंच. आणि कामाला जाणं चालू राहिलं तर उत्तम, पण पहिल्या काही आठवड्यांत गुंगी असताना कोयता हातात घेऊन झाडावर चढू नये.

आता एक चिन्ह सांगतो, जे हमखास उलटं वाचलं जातं. वाढलेलं वजन अचानक, काही न करता उतरू लागलं, तर घरच्यांना हायसं वाटतं. त्याच वेळी मुलगा रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतो, घागरभर पाणी पितो, लघवीवर मुंग्या लागतात. हे बरं होणं नाही. साखर इतकी वाढली आहे की शरीर ती वापरूच शकत नाही आणि स्वतःची चरबी जाळतं आहे. पुढची पायरी उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात श्वास, गुंगी. ही गुंगी ‘गोळीचीच झोप’ म्हणून सोडून देण्यासारखी नसते. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जायचं, मनोविकारतज्ज्ञाच्या मंगळवारची वाट बघायची नाही, आणि तिथे पोहोचल्यावर कोणती गोळी चालू आहे ते पहिल्या वाक्यात सांगायचं. हे क्वचित होतं, पण कधीकधी वजन न वाढलेल्या माणसालाही होतं, आणि बहुतेक वेळा गोळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत.

एवढं वाचून कोणाला वाटेल, इतका त्रास असेल तर ही गोळी नकोच. इथे फिनलंडची नोंद सांगावीशी वाटते. त्या देशात प्रत्येक माणसाची औषधं आणि प्रत्येक मृत्यू यांची नोंद असते, त्यामुळे हजारो माणसं वर्षानुवर्षं बघता येतात. २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये तिथल्या संशोधकांनी स्किझोफ्रेनिया असलेल्यांचे मृत्यू तपासले. या आजाराची औषधं घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. आणि सर्वांत कमी कोणत्या औषधावर? क्लोझापिनवर, म्हणजे वजन आणि साखर सर्वांत जास्त वाढवणाऱ्या औषधावर. नोंदींच्या अभ्यासातून कारण पक्कं सांगता येत नाही, क्लोझापिनवाल्यांची देखरेख जास्त होते हाही त्यात भाग असेल. पण आजार मोकळा सुटला तर तो साखरेपेक्षा लवकर माणूस नेतो, एवढं त्यातून दिसतं.

म्हणून गोळीत खंड पडू नये यासाठी पावसाळ्याआधी दोन महिन्यांच्या गोळ्या मागून ठेवाव्यात; परिस्थिती सांगितली तर डॉक्टर लिहून देतात. एखाद्या रात्री गोळी राहिली तर दुसऱ्या रात्री दोन घ्यायच्या नाहीत, नेहमीची एकच. रस्ता बंद असेल आणि गोळी संपत आली असेल, किंवा साखर जास्त आली आणि काय करावं कळत नसेल, तर टेली मानसचा १४४१६ हा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो, आणि आपल्या भाषेत बोलणारा माणूस मागता येतो. फोन करताना हातात वही असावी: गोळीचं नाव, डोस, सुरू केल्याची तारीख, शेवटचं वजन, शेवटची साखर. आणि गोळी क्लोझापिन असेल, तर ती दोन दिवसांहून जास्त चुकल्यावर पूर्वीच्या डोसने घरी पुन्हा सुरू करायची नाही. इतक्या थोड्या खंडातही शरीराची सवय मोडते, जुनाच डोस एकदम घेतला तर रक्तदाब कोसळू शकतो; डॉक्टर तो पुन्हा अगदी खालून, १२.५ मिलीग्रॅमपासून चढवतात.